धुऱ्यावरचा किडा आणि रक्त गिळणाऱ्या पेशी

ताप 104, रुग्ण ग्लानीत, आणि ईएसआर 9. तापाच्या पेशंटचा असा रिपोर्ट हातात आला की अनुभवी फिजिशियन जरा थबकतो. शरीरात जंतुसंसर्ग पेटला की ईएसआर वाढतो, हे लॅबमधल्या नव्या मुलालाही ठाऊक असते. इथे तीन दिवसांपूर्वी तो 58 होता. आता रुग्णाची तब्येत बिघडली आहे आणि हा आकडा मात्र निरोगी माणसाला शोभेल असा झाला आहे. बरे, रक्त कमी झाले की ईएसआर एरवी वाढतोच. इथे हिमोग्लोबिनही घसरले आहे, तरी ईएसआर खाली.

हा रिपोर्ट ज्या बाईचा, ती उदाहरणासाठी डोळ्यांसमोर आणू. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यातली, वय अडतीस, धानाची बांधी आणि दोन-तीन गुरे. सप्टेंबरचा महिना. रोवणी आटोपली, निंदण चालू. बाईला ताप येऊन आठ दिवस झाले. मलेरियाची किट निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह. गावात सलाईन झाले, गोळ्या झाल्या, ताप हटत नाही. पाचव्या दिवशी हिमोग्लोबिन 11.2 होते, प्लेटलेट 1 लाख 30 हजार. आठव्या दिवशी हिमोग्लोबिन 8.7, पांढऱ्या पेशी 2,300, प्लेटलेट 48 हजार. डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला लागते आहे. कुठून रक्तस्राव नाही. मग तीन दिवसांत एवढे रक्त गेले कुठे?

काही रक्त तयारच झाले नाही आणि काही आतल्या आत गिळले गेले. गिळणाऱ्या पेशी बाहेरून आलेल्या नाहीत, बाईच्याच आहेत. हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस असे या अवस्थेचे लांबलचक नाव आहे. वॉर्डात सगळे एचएलएच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

गिळणाऱ्या पेशींचे नाव मॅक्रोफेज. त्या प्लीहेत, यकृतात, अस्थिमज्जेत ठाण मांडून असतात आणि रक्तपेशी गिळणे हे एरवीही त्यांचे रोजचे काम आहे. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, मग म्हातारी झालेली पेशी मॅक्रोफेज उचलतो, फोडतो आणि तिच्यातले लोह परत वापरासाठी साठवतो. निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास लाल पेशी अशा निकालात निघतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. तुम्ही हे वाक्य वाचून होईपर्यंत कोटभर तरी गेल्या असतील. आश्चर्य आहे ते निवड कशी होते याचे. तरुण लाल पेशीच्या पृष्ठभागावर सीडी 47 नावाचे प्रथिन असते. मॅक्रोफेज ते चाचपतो आणि पेशी सोडून देतो. हे प्रथिन नसलेल्या लाल पेशी निरोगी उंदराच्या अंगात सोडल्या तर त्या बघता बघता नाहीशा होतात, हे 2000 साली प्रयोगातून दिसले. म्हणजे आपल्या प्रत्येक लाल पेशीला जगण्याची परवानगी घडोघडी मिळवावी लागते.

एचएलएचमध्ये ही परवानगी पुरेनाशी होते. मॅक्रोफेज इतका चेतवला जातो की म्हातारी-तरुण, लाल-पांढरी असा भेद तो फारसा करत नाही. कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेचा थेंब काचेवर पसरून, लिशमन रंग देऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दृश्य दिसते. एक भलीमोठी, फिकट निळसर पेशी. तिचे केंद्रक एका कडेला ढकललेले. पोटात चार-पाच गुलाबी लाल पेशी, मधूनच प्लेटलेटचे जांभळे ठिपके, आणि कधी अजून पुरती न वाढलेली, केंद्रक असलेली अख्खी रक्तपेशी. पहिल्यांदा पाहणारा हमखास दुसऱ्याला बोलावून दाखवतो.

पण चित्र कितीही थरारक असले तरी निदानाला ते एकटे पुरत नाही. आजार असूनही पहिल्या तपासणीत अशी पेशी सापडत नाही, हे नेहमीचे. उलट साध्या जंतुदोषात, किंवा रक्त चढवल्यावरही, एखाददुसरी दिसू शकते. शिवाय रक्त घटण्याचे सगळे खापर गिळण्यावर फोडता येत नाही. मज्जेत नव्या पेशी तयार होण्याचे कामही त्याच वेळी दबलेले असते.

मॅक्रोफेजला एवढे चेतवतो कोण? इथे गोष्ट एका मुक्कामावर येते आणि मला ती या आजारातली सर्वांत नवलाची वाटते. विषाणू किंवा जंतू आपल्या पेशीत शिरला की ती पेशी मारण्याचे काम टी पेशींच्या एका जातीकडे आणि नैसर्गिक मारक पेशींकडे असते. मारक पेशी बाधित पेशीला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला छिद्र पाडते, त्या छिद्रातून मारणारी विकरे आत सोडते आणि काही मिनिटांत सुटून पुढच्या पेशीकडे जाते. चिकटलेली असताना ती इंटरफेरॉन गॅमा नावाचे रसायनही सोडत असते. मॅक्रोफेजला जागे करणारा निरोप तो हाच. आता समजा, परफोरिनच सदोष आहे. बाधित पेशी मरत नाही. ती मरत नाही म्हणून मारक पेशी सुटत नाही. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी जिवंत पेशींचे चित्रण करून दाखवले की अशा वेळी ही पकड नेहमीच्या पाचपट वेळ टिकते आणि तेवढा वेळ निरोप जातच राहतो. मारण्यात अपयश आले की हल्ला थंडावेल असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात तो भडकतो.

परफोरिनचा हा धागा बाळांमुळे सापडला. 1952 मध्ये एडिंबराच्या फार्कर आणि क्लेरो या डॉक्टरांनी एकाच कुटुंबातल्या भावंडांमध्ये हा जीवघेणा आजार नोंदवला, आणि 1999 मध्ये अशा काही कुटुंबांमध्ये परफोरिनच्या जनुकातच दोष असल्याचे कळले. पुढे परफोरिन नसलेल्या उंदरांना विषाणूची बाधा करून पाहिले. त्यांना माणसासारखाच एचएलएच झाला, आणि इंटरफेरॉन गॅमा तेवढा अडवला तर ते वाचले. शरीरात तोच विषाणू, तेच सदोष परफोरिन, पण निरोप बंद झाला आणि उंदीर जगला.

आपल्या नागभीडच्या बाईचे परफोरिन बहुधा ठीकच असेल. अडतीस वर्षांत किती ताप आले आणि गेले, काही झाले नाही. मोठ्या माणसात हा आजार बहुतेक वेळा कशाने तरी ओढवलेला असतो. कुठला तरी संसर्ग, रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग, नाहीतर संधिवाताच्या कुळातला आजार. चिथावणी थांबत नाही म्हणून निरोप थांबत नाही. तेव्हा प्रश्न असा की या बाईच्या अंगात चिथावणी देणारे कोण बसले आहे?

त्याआधी रिपोर्टकडे पुन्हा पाहू, कारण आता सगळे आकडे एका मॅक्रोफेजभोवती गोळा होतात. गिळलेल्या पेशींमधले लोह साठवायला फेरिटिन लागते, आणि चेतलेला मॅक्रोफेज ते रक्तातही सोडतो. बायकांमध्ये एरवी दीडशे-दोनशेच्या आत असणारे फेरिटिन हिच्या रक्तात 9,600 आहे. चेतलेल्या पेशींची रसायने चरबी पचवणारे विकर दाबतात, म्हणून चार घास धड न खाल्लेल्या बाईचे ट्रायग्लिसराइड 318. मॅक्रोफेज असे द्रव्यही सोडतो ज्यामुळे रक्तातले फायब्रिनोजेन विरघळत जाते. ते उतरले 118 वर, एरवी दोनशेच्या पुढे असते. ईएसआरचे कोडे इथेच सुटते. नळीत लाल पेशी एकावर एक चिकटून भरभर खाली बसतात त्या फायब्रिनोजेनमुळे. तेच संपले तर पेशी सुट्या राहतात, सावकाश बसतात आणि आकडा छान दिसतो. ताप चढता आणि ईएसआर उतरता, ही जोडी दिसली की सुटकेचा निःश्वास टाकायचा नसतो.

2004 चे आंतरराष्ट्रीय निकष आठ आहेत, त्यांतले पाच जुळले की एचएलएच म्हणतात. ताप, वाढलेली प्लीहा, तीनपैकी दोन प्रकारच्या रक्तपेशी ठरावीक पातळीखाली, ट्रायग्लिसराइड 265 च्या वर किंवा फायब्रिनोजेन 150 च्या खाली, फेरिटिन 500 च्या वर. बाईचे पाच इथेच भरले. उरलेल्या तिनांत मज्जेतले ते दृश्य आणि दोन अशा चाचण्या आहेत ज्या मोजक्या मोठ्या प्रयोगशाळांतच होतात. तालुक्याच्या ठिकाणाहून त्यांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

मात्र हे निकष मुलांमधल्या वंशगत आजारासाठी बांधलेले आहेत आणि झाडीपट्टीत ते जसेच्या तसे लावले तर फसायला होते. गडचिरोलीत फाल्सिपेरम मलेरिया आहे. नुसत्या मलेरियातही ताप असतो, प्लीहा वाढते, रक्त आणि प्लेटलेट उतरतात, फेरिटिन पाचशे सहज ओलांडते. या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलही पुष्कळ आहे. पुस्तकात लिहिलेले असते की सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा लहानपणीच सुकून जाते, पण आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये ती मोठेपणीही वाढलेली राहते. म्हणजे असा रुग्ण दारात येतो तोच मोठी प्लीहा आणि आठ हिमोग्लोबिन घेऊन. रक्त अनेकदा चढवलेले असेल तर फेरिटिन हजारांत असतेच. ईएसआरही त्याच्याबाबतीत मुका, कारण विळ्याच्या आकाराच्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत. अशा माणसात एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. कालचा आणि आजचा शेजारी ठेवावा लागतो. मागच्या महिन्यात प्लेटलेट किती होत्या, फायब्रिनोजेन किती आहे, फेरिटिन तीन दिवसांत दुप्पट झाले का, हे विचारावे लागते. डेंग्यूतही हीच खूण कामाची आहे. साध्या डेंग्यूत प्लेटलेट तळाला जातात तेव्हा ताप बहुधा उतरलेला असतो. आठवडा उलटला, प्लेटलेट उतरल्या आणि ताप तसाच, तर दुसरे काही शोधायला हवे.

आणखी एक फसगत मलेरियाच्या किटची. ती परजीवीचे एक प्रथिन पकडते आणि ते प्रथिन परजीवी मेल्यावरही रक्तात दोन-चार आठवडे रेंगाळते. मागच्या महिन्यात मलेरिया होऊन बऱ्या झालेल्या माणसाची किट आजही पॉझिटिव्ह येऊ शकते. पट्टीवर रेघ उमटली, मलेरियाचे औषध दिले, ताप राहिलाच, आणि खरा गुन्हेगार भलताच, असे घडू शकते. काचेवर रक्त पसरून जिवंत परजीवी दिसतो का ते पाहणे म्हणूनच अजून बाद झालेले नाही.

तर बाईकडे परत. राउंडला आलेल्या सिस्टरने विचारले, ‘ताई, एवढ्यात धुऱ्यावरचं गवत कापलं होतं का?’ बाई म्हणाली, ‘हो जी, ढोरायसाठी रोजच कापतो.’ मग पडदा ओढून नीट तपासले. काख, छातीखालची घडी, लुगड्याची गाठ बसते ती कंबर, जांघ, गुडघ्यामागचा खळगा. उजव्या काखेत सापडला. अर्धा सेंटिमीटरचा काळा, कोरडा खपला, भोवती लालसर कडा, विडीचा चटका बसल्यासारखा. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाईला तो माहीतच नव्हता. आणि कपडे न काढता तपासले तर डॉक्टरलाही माहीत होत नाही.

हा स्क्रब टायफस. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरसह पूर्व विदर्भात त्याची साथ आली तेव्हा वर्तमानपत्रांतून हे नाव घरोघरी पोहोचले. जंतूचे नाव ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. तो आपल्या अंगात आणणारा किडा पहिल्या पावसात मातीवर दिसणाऱ्या मृगाच्या लाल मखमली किड्याच्या दूरच्या नात्यातला. पण माणसाला चावते ती त्याची अळी. सहा पायांची, पाव मिलिमीटरहूनही लहान. गवताच्या पात्यावर, झुडपाच्या बुडाशी वाट पाहत बसते आणि जाणाऱ्याच्या अंगावर चढून कापड घट्ट बसलेल्या मऊ जागेपर्यंत चालत जाते. रक्त ती पीत नाही. लाळेने कातडी विरघळवून तिथे एक बारीक नळी तयार करते आणि विरघळलेला रस ओढते. आयुष्यात एकदाच असे जेवते. मोठी झाल्यावर मातीत राहून बारीकसारीक किड्यांची अंडी खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. मग एकदाच जेवणाऱ्या अळीत जंतू येतो कुठून? आईकडून. मादीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो. उंदीर अळ्यांना पोसतो, जंतूचा वारसा मात्र किड्याच्याच घराण्यात चालतो. म्हणून शेताचा एक धुरा वर्षानुवर्षे बाधित असतो आणि शंभर पावलांवरचा दुसरा स्वच्छ.

चावल्यापासून दहाएक दिवसांनी ताप येतो. हा जंतू पेशींच्या आत राहतो, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि खुद्द मॅक्रोफेजमध्येसुद्धा. मारक पेशींना चिथावणी सारखी मिळत राहते आणि काही जणांत ती एचएलएचपर्यंत जाते. पेनिसिलिनच्या जातीची इंजेक्शने त्याला लागू पडत नाहीत, आणि तापाच्या रुग्णाला पहिल्यांदा टोचली जातात ती बहुधा तीच किंवा त्यांच्या भावकीतली. आठ दिवस असेच जातात.

एचएलएचचे निदान झाले की पुस्तक डेक्सामेथासोन आणि इटोपोसाइड या औषधांकडे बोट दाखवते. पहिले स्टिरॉइड, दुसरे केमोथेरपी. वंशगत आजारात किंवा लिम्फोमात त्यांनीच जीव वाचतात. पण काखेत काळा खपला सापडलेल्या बाईला आधी द्यायचे ते डॉक्सिसायक्लिन, 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. जुने, स्वस्त, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असणारे औषध. श्वास लागला असेल, रक्तदाब पडला असेल, शुद्ध हरपत असेल तर शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही. गंभीर रुग्णांत एकापेक्षा ही जोडी सरस ठरते, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातल्या सात केंद्रांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. जंतू मेला की चिथावणी संपते, चिथावणी संपली की निरोप थांबतो आणि मॅक्रोफेज आपोआप शांत होतो. स्क्रबमुळे झालेल्या एचएलएचचे कितीतरी रुग्ण केमोथेरपीच्या थेंबाशिवाय बरे झाले आहेत. काहींना थोडे दिवस स्टिरॉइड लागते.

रक्ताच्या चाचणीची वाट पाहत औषध रोखू नये, हेही इथेच सांगायला हवे. स्क्रबची आयजीएम एलायझा पहिल्या पाच-सहा दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते आणि खपला अनेक रुग्णांत सापडतच नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि पुराचे दिवस तेच स्क्रबचे दिवस. फेरिटिनचा नमुना पलीकडे जाईल तेव्हा जाईल. ताप पाच दिवसांवर गेला, मलेरिया नाही, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन दोन्ही उतरत आहेत, माणूस शेता-जंगलात जाणारा आहे, एवढ्यावर डॉक्सिसायक्लिन सुरू करणे शहाणपणाचे. उलट चूक महागात पडते. कारण न शोधता नुसते स्टिरॉइड दिले तर ताप दोन दिवस दबतो, सगळ्यांना बरे वाटते, आणि आत जंतू वाढत राहतो. आजार लिम्फोमाचा असेल तर त्याच स्टिरॉइडने गाठी तात्पुरत्या विरतात आणि नंतर केलेल्या बायोप्सीत काही सापडत नाही.

आपल्या बाईचा ताप डॉक्सिसायक्लिनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला. चौथ्या दिवशी प्लेटलेट 1 लाख 10 हजार, फेरिटिन 3,100. ईएसआर मात्र वाढून 40 झाला. घरच्यांना धसका बसला. डॉक्टरांना तो आकडा पाहून बरे वाटले, कारण फायब्रिनोजेन परत येत होते. हिमोग्लोबिन सावकाश चढते, त्याला काही आठवडे द्यावेच लागतात, आणि प्लीहाही तेवढ्याच धीमेपणाने आत जाते.

औषध पोटात जाऊन तीन दिवस झाले आणि ताप हललाच नाही, फेरिटिन चढतेच आहे, तर मात्र खपला दिसला होता म्हणून अडून बसायचे नसते. तेव्हा मज्जा तपासायची. त्यात गिळणाऱ्या पेशी आहेत का एवढेच पाहायचे नसते, क्षयाच्या गाठी, काळा आजाराचे परजीवी, लिम्फोमाच्या पेशी आहेत का हेही शोधायचे असते. केमोथेरपीचा विचार त्यानंतर, आणि ती देता येईल अशा ठिकाणी, म्हणजे या दोन जिल्ह्यांतल्या बहुतेकांसाठी नागपूरला. दूध पिणारे बाळ असेल, आई-बाप नात्यातले असतील, किंवा आधीचे एखादे मूल असेच तापात गेलेले असेल, तर पाठवण्याची घाई पहिल्याच दिवशी करावी लागते. तिथे काखेत काही सापडो न सापडो, दोष परफोरिनचा असू शकतो, आणि तो डॉक्सिसायक्लिनने जात नाही.